व्यायाम थांबवल्यावर ठोके किती उतरतात: घड्याळाचा आकडा १४ खरा की ३१?

मिरामार_सांजवेळ

मंडळी, वय ४६, पणजीत राहतो. ऑफिस सुटलं की मिरामारहून दोना पावलाच्या दिशेने धावत जातो आणि परत येतो. शर्यतीबिर्यतीत भाग घ्यायचा नाही, पोट आत राहिलं तरी पुष्कळ.

नवीन घड्याळ घेतल्यापासून एक भुंगा मागे लागलाय. धाव संपवून बटण दाबलं की मिनिटाभराने ते सांगतं, 'हृदयाचे ठोके इतक्याने उतरले.' गेल्या सोमवारी आकडा आला १४. गुरुवारी आला ३१. रस्ता तोच, वेग जवळपास तोच, बूटसुद्धा तेच. चार दिवसांत माझं हृदय दुप्पट सुधारलं असं काही मला वाटत नाही. मग यातला माझा आकडा कुठला? आणि त्यावरून तब्येतीचं, म्हणजे दमसासाचं, नक्की काय कळतं?

कोलव्याचा_धावक

सोपं आहे. जितका जास्त उतार, तितका माणूस फिट. १२ च्या खाली म्हणजे हृदयात गडबड, सरळ डॉक्टर गाठायचा. २० ते ३० ठीक, ४० च्या वर उत्तम. माझं वय ४१ आहे आणि माझा नेहमी ५० च्या पुढे असतो, काल ५२ होता. सोमवारी १४ आला असेल तर तुम्ही काठावर आहात, दुर्लक्ष करू नका.

पेडण्याचा_अण्णा

माझं घड्याळ काल '४८ तास' दाखवत होतं. तुमचं मिनिटात होतं म्हणता, मग माझं हृदय दोन दिवस घेतंय की काय? बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, बागेतलं काम टाळायला बरं निमित्त मिळालं.

टीएमटीवाली

अण्णा, तो वेगळा आकडा. पुढचा दमवणारा व्यायाम किती तासांनी करावा याचा तो घड्याळाचा अंदाज असतो. तुमचे ठोके काही ४८ तास चढलेले नसतात, तेव्हा नारळाची आळी करायला हरकत नाही.

मूळ प्रश्नाकडे येते. मी इथल्याच एका इस्पितळात ट्रेडमिल टेस्ट करते. छातीला चिकटपट्ट्या लावून माणसाला पट्ट्यावर चालवतो ना, ती. पट्टा थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात हे आम्ही रोज बघतो.

मिरामार, दोन गोष्टी सांगा. एक, धावणं थांबवल्यावर घड्याळाचं बटण कधी दाबता? दोन, फोनवरच्या ॲपमध्ये त्या धावेचा ठोक्यांचा आलेख उघडता येत असेल तर सोमवारच्या शेवटच्या तीन मिनिटांवर बोट ठेवून दर २० सेकंदांचे आकडे इथे लिहा. १४ हा फरक आहे. कशातून काय वजा झालं ते दिसल्याशिवाय त्यावर बोलता येत नाही.

मिरामार_सांजवेळ

बटण थांबल्यावर दाबतो. म्हणजे थांबल्यावर लगेचच असं नाही. सोमवारी सर्कलपाशी आमच्या खात्यातले एक जण भेटले, दोन वाक्यं बोललो आणि मग आठवण झाली.

आलेख मिळाला, वेगाची रेघपण त्याच्याच खाली आहे. पाय थांबले तेव्हा १६२. वीस सेकंदांनी १५५, चाळीस सेकंदांनी १४१, एका मिनिटाला १३३. पुढे एक मिनिट चाळीस सेकंदांना १२७. त्यानंतर नोंद थांबलीय.

गुरुवारी पाऊस आला म्हणून थांबलो आणि त्याच क्षणी बटण दाबून एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. तिथे १६० वरून १२९.

टीएमटीवाली

घोडं इथेच पेंड खातंय. तुम्ही बटण दाबलंत थांबल्यावर चाळीस सेकंदांनी. घड्याळाच्या लेखी व्यायाम तेव्हा संपला. त्याने १४१ धरले, तिथून मिनिटभराने १२७ पाहिले आणि १४ सांगितले. तुमच्या हृदयाने मात्र कामाला सुरुवात चाळीस सेकंद आधीच केली होती. पाय थांबले त्या क्षणापासून मोजलं तर १६२ वजा १३३, म्हणजे २९. गुरुवारचे ३१ आणि सोमवारचे २९ यांत काहीच फरक नाही. त्यातही गुरुवारी तुम्ही बसलात, सोमवारी उभे होतात, त्याने दोन-चार ठोके सहज इकडेतिकडे होतात.

एवढ्याशा उशिराने इतका फरक का पडतो, तर उतार सगळीकडे सारखा नसतो. धावताना हृदयावरचा ब्रेक जवळजवळ सोडलेला असतो आणि वर ॲड्रेनलिन त्याला पळवत असतं. पाय थांबताच मेंदू व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून ब्रेक लावतो, आणि तो काही सेकंदांत लागतो. पहिल्या अर्ध्या-एक मिनिटातली घसरण मुख्यतः त्याची. रक्तातलं ॲड्रेनलिन ओसरायला, तापलेलं अंग निवायला मात्र मिनिटंच्या मिनिटं जातात, म्हणून पुढची घसरण मंद. तुम्ही नेमका पहिला चांगला भाग गप्पांत घालवलात आणि घड्याळाला मंद भाग मोजायला दिलात.

आमच्याकडे हा प्रश्न येत नाही, कारण तिथे पट्टा आम्हीच थांबवतो आणि घड्याळ त्याच क्षणी सुरू होतं.

मिरामार_सांजवेळ

जीव भांड्यात पडला! सोमवारपासून मी मनातल्या मनात मृत्युपत्र लिहीत होतो.

फोंड्याची_लेक

मी हा धागा वाचून उलट घाबरले आहे. आई ६१ वर्षांची. रोज सकाळी फर्मागुडीला चालायला जाते. मी तिला दिवाळीत घड्याळ दिलं. तिचा आकडा नेहमी ९, १०, ११ असाच असतो. वर कोलव्याच्या दादांनी लिहिलंय की १२ च्या खाली म्हणजे हृदयात गडबड. तिला ब्लड प्रेशरची मेटोप्रोलॉलची गोळी चालू आहे. बाकी तक्रार काही नाही, चढसुद्धा न थांबता चढते. काय करू?

कोलव्याचा_धावक

मी डॉक्टर नाही, पण १२ ही रेषा माझ्या मनची नाही. मोठ्या संशोधनातली आहे. उगाच धोका कशाला पत्करायचा?

टीएमटीवाली

रेषा खरी आहे, ती कुणासाठी आणि कशी आखली ते मात्र सोबत सांगायला हवं. १९९९ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या मंडळींनी न्यू इंग्लंड जर्नलमध्ये ते काम छापलं. २,४२८ माणसं होती. ती हृदयाच्या तपासणीसाठी पाठवलेलीच होती, सरासरी वय ५७. त्यांना ट्रेडमिलवर दमेपर्यंत चालवलं, मग पट्टा एकदम बंद न करता दोन मिनिटं अगदी हळू चालत ठेवलं आणि पहिल्या मिनिटाचा फरक घेतला. ज्यांचा फरक १२ किंवा त्याहून कमी होता त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट निघालं. वय, इतर आजार वगैरे सगळं हिशेबात धरल्यावर ते दुपटीवर आलं. दुप्पट म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखं नाहीच. पण त्याचा अर्थ '१२ आला की हृदय बिघडलं' असाही होत नाही.

यातला 'दमेपर्यंत' हा शब्द धरून ठेवा. लेक, आईचे ठोके चालताना जास्तीत जास्त किती जातात आणि घरी शांत बसल्यावर किती असतात ते पाहून सांगशील?

फोंड्याची_लेक

चालताना ९८ ते १०२. बसल्यावर ७० च्या आसपास. चालणं संपलं की मिनिटाने साधारण ९० असतात.

टीएमटीवाली

मग बघ. तिच्याकडे उतरायला एकूण जागाच तीसेक ठोक्यांची. १६० वर गेलेला माणूस मिनिटात ३० उतरतो कारण त्याच्या खाली ऐंशी-नव्वद ठोक्यांची दरी असते. शंभरावरून दहा उतरणं याला कमी म्हणायला आधारच नाही. तो १२ चा गज दमेपर्यंतच्या चाचणीचा. निवांत चालून आलेल्या माणसाला तो लावायचा नाही.

दुसरं, मेटोप्रोलॉल ही गोळी ठोके वर चढूच देत नाही, ते तिचं कामच आहे. म्हणजे वरचं टोक आधीच कापलेलं. तिच्या आकड्याची गोळी न घेणाऱ्यांशी तुलना करू नकोस. आणि आकडा सुधारायला म्हणून गोळी स्वतःहून बंद करायची नाही हं. ती अचानक थांबवली तर ठोके आणि प्रेशर उसळी मारतात.

आईला आधी येत होता तो चढ आता येईनासा झाला, छातीत दाब वाटला, चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जायचं. एरवी पुढच्या नेहमीच्या भेटीत विचारलंस तरी चालेल.

फोंड्याची_लेक

थँक्यू ताई. आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "मी कधीची सांगत्ये, त्या डबीला काय कळतं."

सांग्याचा_मास्तर

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवली. आमच्याकडे डबी नव्हती, दोन बोटं आणि भिंतीवरचं घड्याळ. मुलं मैदानाला फेऱ्या मारून आली की थांबताच पंधरा सेकंद नाडी मोजायची आणि चौपट करायची. मिनिट गेलं की पुन्हा मोजायची. जो जून महिन्यात धापा टाकायचा त्याची नाडी दिवाळीपर्यंत लवकर खाली यायला लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा आकड्यात तथ्य नाही असं नव्हे. मानेवर बोटं दाबली की झकास लागते नाडी.

टीएमटीवाली

मास्तर, नमस्कार. तुमची पद्धत आजही घड्याळाची उलटतपासणी करायला उत्तम. फक्त मानेऐवजी मनगट धरा. मानेतली शीर जोरात दाबली तर ठोके त्यानेच मंदावतात, एखाद्याला भोवळसुद्धा येते. आपण मोजायला जायचं आणि मोजण्यानेच आकडा उतरायचा.

आणखी एक बारकावा. थांबल्यावर साठाव्या सेकंदाला मोजायला सुरुवात केली तर हाती येते साठ ते पंचाहत्तर सेकंदांची सरासरी. ठोके उतरत असताना ती जरा कमीच येते. बावन्नाव्या सेकंदाला सुरू करून सदुसष्टाव्याला थांबवलं की मधोमध बरोबर मिनिट येतं. शिवाय एक ठोका चुकला तर चौपटीमुळे चाराची चूक. म्हणून २८ आणि ३१ यांत भांडायचं नाही.

सांग्याचा_मास्तर

बावन्नावर सुरू करायची युक्ती माहीत असती तर काही पोरांचे गुण वाढले असते.

कोलव्याचा_धावक

आई गोळी घेते हे मी नीट वाचलं नव्हतं, ते सोडा. पण माझ्या ५२ वर कुणी काही बोललं नाही. ताई, आता माझ्यासारख्याचं काय? १७७ वरून १२५, एका मिनिटात. थांबलो त्या सेकंदाला बटण दाबतो, शर्यतींची सवय आहे.

टीएमटीवाली

५२ येऊ शकतो, मुरलेल्या धावपटूंमध्ये दिसतो. तरी विचारते, धावताना तुमची पावलं मिनिटाला किती पडतात? आणि आलेखात ठोके १७७ पर्यंत कसे चढलेत, हळूहळू की एकदम?

कोलव्याचा_धावक

पावलं १७६ ते १७८, अगदी मेट्रोनोमसारखी. ठोके दुसऱ्या किलोमीटरपर्यंत १५० च्या घरात होते, मग वर गेले आणि शेवटपर्यंत १७७ वर स्थिर. किनाऱ्याच्या ओल्या वाळूवर धावतो, चढउतार नाही, त्यामुळे स्थिर राहणारच.

टीएमटीवाली

सपाट रस्त्यावरसुद्धा ठोके फूटपट्टीने ओढल्यासारखे राहत नाहीत. उकाड्यात तर ते हळूहळू वर सरकतात. दीडशेवरून एकदम सत्तावीसने उडी, मग सरळ रेघ, आणि ती रेघ नेमकी पावलांच्या आकड्यावर! मला शंका आहे की घड्याळ तुमचं हृदय सोडून तुमचे पाय मोजतंय.

घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा कातडीत प्रकाश टाकतो आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्त वाढलं-ओसरलं की परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ते मोजतं. पण प्रत्येक पावलाला हात झुलतो, तेव्हाही मनगटातलं रक्त हलतं आणि सैल घड्याळ घसटतं. दोन्ही लयी जवळजवळ आल्या की घड्याळ चुकीची लय पकडतं. तुम्ही थांबलात की पावलं शून्य, मग त्याला झक मारत खरे ठोके शोधावे लागतात. आलेखात थांबल्यावर पहिल्या काही सेकंदांतच कडा तुटल्यासारखी मोठी घसरण असेल तर ती त्याचीच. तुमचे खरे ठोके समजा १५७ असले तर उतार ३२ चा झाला. तोही चांगलाच आहे.

पडताळायचं असेल तर धावता धावता दम तोच ठेवून अर्धा मिनिट पावलं लांब आणि सावकाश टाका. ठोके दम बघून चालतात, पावलं बघून नाही. पावलांबरोबर आकडाही तंतोतंत खाली आला तर काय मोजलं जातंय ते कळलं. किंवा छातीचा पट्टा लावा, तो हृदयाची वीज टिपतो, त्याला हातपायांशी देणंघेणं नाही.

कोलव्याचा_धावक

चाळीस हजारांचं घड्याळ आहे हे. फुटपाथवरून घेतलेलं नाही. स्थिर वेगाला स्थिर ठोके ही माझ्या मते ट्रेनिंगची कमाई आहे.

पेडण्याचा_अण्णा

घड्याळाची किंमत हृदयाला ठाऊक नसते हो दादा.

मिरामार_सांजवेळ

आता माझा दुसरा अर्धा प्रश्न. बटण वेळेवर दाबतोय. आकडा चांगला आला तर दमसास सुधारला असं धरायचं का? म्हणजे ३० चा ३५ झाला तर मी जास्त फिट?

टीएमटीवाली

धरायचं, पण सैल हाताने. नियमित धावणाऱ्या-पोहणाऱ्यांचा तो मज्जातंतूचा ब्रेक लवकर लागतो, म्हणून महिनोन्महिने व्यायाम केला की उतार साधारण वाढतो. मास्तरांच्या पोरांचं तेच झालं. पण हा आकडा ब्रेक कसा आहे ते सांगतो, इंजिन किती ताकदीचं आहे ते सरळ सांगत नाही. दोन माणसांचा उतार ३० असू शकतो आणि त्यातला एक दुसऱ्याला चढावर सहज मागे टाकू शकतो.

उलट उदाहरणही आहे. शर्यतीआधी झेपेल त्याच्यापलीकडे सराव करून थकलेल्या काही खेळाडूंमध्ये हा उतार उलट वाढलेला आढळला आहे. पाय चालत नाहीत, वेळ बिघडलीय आणि घड्याळ मात्र शाबासकी देतंय. त्यामुळे वाढला म्हणजे चांगलाच, हेही डोळे मिटून घेऊ नका.

तुम्हाला स्वतःचंच मोजायचं असेल तर आल्तिनोचा चढ घ्या. दर वेळी तोच टप्पा, तीच सुरुवात, तोच शेवटचा खांब. वर पोचेपर्यंत ठोके साधारण एकाच जागी, समजा १५५ च्या आसपास, येतील असा वेग ठेवा. खांबापाशी बटण, आणि मग एक मिनिट तिथेच अगदी हळू फेऱ्या. बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आडवं झालं की पायांतलं रक्त हृदयाकडे सहज येतं आणि ठोके झपाट्याने पडतात. झोपवून मोजणाऱ्या चाचण्यांत धोक्याची रेषाच मुळी १२ ऐवजी १८ ला धरली, ती याचमुळे. खांबासारखं ताठ उभंही राहू नका, जोरात चढून एकदम स्तब्ध उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि गरगरतं. आमच्याकडे पट्ट्यावर चांगले चाललेले लोक नेमके उतरल्यावर हलतात.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट. आणि त्या वेळी चढ किती मिनिटांत झाला तेही लिहून ठेवा.

मिरामार_सांजवेळ

सांगितल्याप्रमाणे सुरू केलं. आल्तिनोला बघणारे मला वेडा समजतात, खांबाभोवती प्रदक्षिणा घालतो म्हणून. आकडे २७, ३०, २५, २९ असे येतायत. मधेच एका संध्याकाळी १९ आला. बटण वेळेवर, घड्याळ घट्ट, सगळं तेच. त्या दिवशी पावसाआधीची उकड होती, वारा पडलेला, टीशर्ट पिळून काढावा असा घाम.

टीएमटीवाली

मग १९ चं कारण तुम्हीच लिहिलंत. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग निवत नाही. शरीर कातडीकडे जास्त रक्त धाडत राहतं आणि त्यासाठी हृदयाला थांबल्यावरही पळावं लागतं. पाणी कमी पडलं असेल तर आणखीच. जानेवारीतल्या पहाटेचा आकडा आणि मे महिन्यातल्या संध्याकाळचा आकडा एका रांगेत लावू नका. आदल्या रात्रीचं जागरण किंवा लग्नघरचा पेलासुद्धा दुसऱ्या दिवशी उतार कमी करतो.

एकट्या १९ ला काही किंमत नाही. तसेच आठवडे गेले, हवा बरी असूनही आकडा विशीच्या खालीच राहिला आणि चढायला वेळही जास्त लागू लागला, तर विचार करण्यासारखं. तोवर २५ ते ३० हाच तुमचा पट्टा समजा.

मिरामार_सांजवेळ

४६ व्या वर्षी २८ म्हणजे चांगला, बरा की बेताचा?

टीएमटीवाली

१२ पासून लांब आहे, एवढं खात्रीने सांगते. त्यापुढे वयानुसार 'उत्तम, मध्यम' अशा पायऱ्या घड्याळाच्या ॲपमध्ये दिसतात, पण कुणी एक मिनिट धरतं, कुणी दोन, कुणी बसवून, कुणी चालवून. त्या पायऱ्यांवर मी तुम्हाला उभं करणार नाही. मला विचाराल तर त्याच खांबापर्यंत त्याच वेळात पोचताना ठोके १५५ ऐवजी १४८ लागले की ती बातमी २८ चा ३२ होण्यापेक्षा मोठी.

सांग्याचा_मास्तर

पण ताई, १४८ वरच पोचले तर उतरायला जागा कमी, मग उताराचा आकडा कमी दिसणार नाही का? माणूस सुधारला आणि गुण घटले?

टीएमटीवाली

मास्तर, बरोबर पकडलंत. होतं तसं थोडंफार. म्हणूनच वेग वाढवून पुन्हा १५५ ला पोचायचं आणि मग मोजायचं म्हणतात. किती ठोक्यांमागे किती उतार कमी धरायचा, याचं सगळ्यांना लागू पडेल असं गणित मात्र माझ्याकडे नाही. माणसागणिक वेगळं दिसतं.

कोलव्याचा_धावक

काल पावलं सावकाश टाकून पाहिली. आकडा १७७ वरून १६० वर आला. पण दमही थोडा कमी झाला असेल, त्यामुळे सिद्ध काहीच झालं नाही. कुणाकडे छातीचा पट्टा असेल तर एका दिवसापुरता द्या. ताईंचं म्हणणं खरं आहे म्हणून नव्हे, खोटं पाडायला पाहिजे म्हणून.

पेडण्याचा_अण्णा

माझ्या मुलाकडे आहे, शनिवारी मडगावला येतोय तो. पट्टा लावण्याआधी पाण्याने ओला करायचा असतो म्हणे, कोरडा लावलात तर पहिली पाच मिनिटं तोही भलतंच सांगतो. तेवढं करा, नाहीतर परत भांडाल.